फोटोतला बोर्डिंग पास वाचताना

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि पलीकडे साताऱ्याचे माण-खटाव, या पट्ट्यातली गलाईची माणसं देशभर पांगली आहेत. सोन्याचांदीची आटणी करायला कुणी कोचीत, कुणी लखनौत, कुणी गुवाहाटीत दुकान थाटून बसलंय. गावी राहिलेल्या आईवडिलांचं येणंजाणं आता विमानानं होतं. सातारा-सांगलीत प्रवासी विमान उतरत नाही, म्हणून कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठायची. मी विट्यात तिकिटं काढून देतो. पुढचं सगळं फोनवर चालतं. मुलगा तिकडून वेब चेक-इन करून पास पाठवतो, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडं तो छापला जातो, त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "दादा, यात बघायचं काय?" त्या फोटोंतून जे कळत गेलं ते लिहितो. नमुन्यातली नावं आणि नंबर काल्पनिक आहेत.

१. आधी तारीख वाचा, मग वेळ.

पुण्याहून कोचीला निघालेल्या सुनीताकाकूंच्या पासवर तारीख 15 NOV आणि सुटण्याची वेळ 00:40 आहे असं धरू. घरात सगळे म्हणतात, विमान पंधराचं. पण 00:40 म्हणजे चौदा तारीख संपून चाळीस मिनिटं झालेली. काकूंना घरातून निघायचंय चौदालाच, दुपार कलल्यावर. विट्याहून लोहगाव चारेक तास धरले आणि दोन-अडीच तास आधी पोचायचं ठरवलं, तर सहा-साडेसहाच्या पुढं थांबण्यात अर्थ नाही. त्याच पासवर बोर्डिंगची वेळ 23:55 लिहिलेली असते. ती चौदाची रात्र, पण शेजारी छापलेली तारीख पंधराची, कारण ती विमान सुटण्याची तारीख असते. त्यामुळं बारा ते पहाटे चार या दरम्यानचं विमान दिसलं की मी पासच्या फोटोवरच मराठीत लिहून परत पाठवतो : "गुरुवारी संध्याकाळी निघा, रात्री विमान." वार लिहिला की घोळ होत नाही, नुसत्या तारखेनं होतो.

सुटण्याची वेळ ही गेटवर पोचायची वेळ नव्हे, हेही त्यातच सांगतो. देशांतर्गत विमानाला बॅगा घेणारा काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात आणि गेट पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे काकूंसाठी 23:40 नंतर बॅग जात नाही आणि 00:15 नंतर माणूस जात नाही. विमान समोर उभं दिसत असलं तरी नाही.

२. पासवर आकडे बरेच असतात, बसायची जागा एकच असते.

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. काकूंच्या पासवर GATE 5, ZONE 2, SEAT 14C, SEQ 47 असं एका ओळीत छापलंय. एसटीच्या आरक्षणात एक आकडा असायचा, तोच शोधायचा आणि बसायचं. त्या सवयीनं माणूस पहिला ठळक आकडा धरतो आणि विमानात पाचव्या रांगेत जाऊन बसतो, नाहीतर सत्तेचाळीस नंबर शोधत शेवटपर्यंत जातो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे आकड्याला इंग्रजी अक्षर चिकटलेलं असेल तर ती सीट. चौदावी रांग, C जागा. गेटच्या आकड्यालाही कधी अक्षर लागतं, म्हणून वरचा SEAT हा शब्द बोटानं धरून वाचावा. सीक्वेन्सचा 47 म्हणजे त्या विमानासाठी चेक-इन करणाऱ्यांत काकूंचा नंबर कितवा, एवढंच. तो कर्मचाऱ्यांच्या कामाचा. गेटवर माणूस आला नाही तर यादीत त्याला पटकन शोधायला तो लागतो. काकू तो विसरल्या तरी चालतं.

झोन किंवा ग्रुप म्हणजे आत सोडण्याची तुकडी. पुकारा झाला की त्या तुकडीनं रांगेत उभं राहायचं. कुठला आकडा आधी हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काही ठिकाणी मागच्या रांगा आधी जातात, काही ठिकाणी जादा पैसे भरलेले. आपल्या तुकडीच्या आधी रांगेत घुसून उपयोग नसतो, मशीनपाशी परत पाठवतात. उशिरा गेलं तर सीट कुठं जात नाही, पण डोक्यावरचं कपाट भरलेलं असतं आणि हातातली पिशवी लांब ठेवावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलेलं बरं.

३. गेटचा आकडा पेन्सिलीनं लिहिलाय असं समजा.

वेब चेक-इन आदल्या दिवशी होतं तेव्हा विमान कुठं उभं राहणार हे बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. म्हणून पासवर गेटची जागा रिकामी असते किंवा नुसती रेघ असते. लोक घाबरून फोटो पाठवतात, "गेट आलंच नाही." त्यात चूक काही नाही. गेट सुरक्षा तपासणी झाल्यावर आतल्या स्क्रीनवर बघायचं आणि अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं, कारण ते बदलतं. स्क्रीनवर गेटच्या आधी विमानाचा नंबर जुळवावा. एकाच शहराला पाठोपाठ दोन विमानं असली की नुसतं गावाचं नाव वाचणारा माणूस दुसऱ्याच रांगेत उभा राहतो. मुंबईत तर बोर्डिंगचा पुकाराही होत नाही, स्क्रीनच बघावी लागते. शिवाय तिथं टर्मिनल आधी वाचायचं. T1 आणि T2 मध्ये रस्त्यानं जावं लागतं, आतून चालत नाही.

४. अक्षरावरून खिडकी कळते, पण विमान कुठलं ते माहीत हवं.

मोठ्या नेहमीच्या विमानात तीन-तीन सीटा असतात. A आणि F खिडकीला, C आणि D मधल्या वाटेला, B आणि E अधेमधे. काकूंची 14C वाटेची, उठायला सोयीची. कोल्हापुरातून उडणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानात मात्र दोन-दोनच सीटा असतात आणि चढायचं दार मागच्या बाजूला असतं. तिथं पहिली रांग म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. म्हाताऱ्या माणसाला "पुढची सीट घेतलीय" असं कौतुकानं सांगण्याआधी हे बघावं.

५. नाव तुटलेलं दिसलं म्हणून चुकलेलं नसतं.

पासवर आडनाव आधी, मग तिरकी रेघ, मग नाव आणि त्यामागं MR किंवा MRS. बारकोडात नावाला वीसच अक्षरांची जागा असते आणि छापतानाही बऱ्याचदा तेवढंच येतं. ज्ञानेश्वर सूर्यवंशी असेल तर SURYAVANSHI/DNYANESH एवढ्यावर वीस भरतात आणि उरलेलं गळतं. त्यासाठी पळापळ नको. मूळ तिकिटावर पूर्ण नाव आधारशी जुळतंय का तेवढं बघायचं. स्पेलिंगच वेगळं असेल किंवा माहेरचं आडनाव पडलं असेल, तर ती खरी अडचण. ती घरातूनच, निघायच्या आधी सोडवायची.

६. एकटं इंग्रजी अक्षर सीटचं नसतं, भाड्याचं असतं.

CLASS पुढं Y, Q, V असं काहीतरी दिसतं. एकाच रांगेत, एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसलेल्या तिघांची अक्षरं वेगळी असू शकतात, कारण कंपनी त्याच सीटा वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत विकते. Y बहुतेक साध्या वर्गाचं पूर्ण भाडं, J आणि C बिझनेसचे. बाकीच्यांचा अर्थ ज्या त्या कंपनीचा. काही कंपन्या पासवर सगळ्यांनाच Y छापतात. त्यामुळं "रद्द केलं तर किती परत मिळेल?" याचं उत्तर पासच्या फोटोत शोधू नये. पूर्ण भाडेकोड, म्हणजे त्या अक्षरानं सुरू होणारी लांब अक्षरमाळ आणि तिच्या अटी, तिकिटाच्या कागदावर असतात. तो कागद पाठवा, मग सांगता येतं.

७. फोटो फाटका असेल तर बारकोड वाचा.

काकूंच्या कागदाची घडी नेमकी तारखेवरून गेलीय आणि पीएनआरमधलं चौथं अक्षर 8 की B ते कळत नाही. छापील पासवरचा आडवा पट्टा पीडीएफ-417 प्रकारचा असतो. तो वाचणारं ॲप फोनमध्ये असलं की फोटोतूनही मजकूर बाहेर येतो. फोटो समोरून, सरळ आणि चारी कडा येतील असा हवा. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे बारीक रेघा पुसट होत नाहीत. निघतं ते असं :

```
M1KADAM/SUNITA MRS    EX7K8QM PNQCOKXX 0999 319Y014C0047 100
```

M1 म्हणजे एकाच टप्प्याचा प्रवास. मग वीस अक्षरांचं नाव, E म्हणजे ई-तिकीट, त्यानंतर पीएनआर X7K8QM. म्हणजे तो आकडा आठच. PNQ पुणे, COK कोची, XX च्या जागी कंपनीचा कोड, 0999 विमानाचा नंबर. पुढचा 319 हा वर्षातला दिवस. ऑक्टोबरअखेर 304 दिवस भरतात, त्यापुढं पंधरा, म्हणजे 15 नोव्हेंबर. लीप वर्ष असेल तर तोच आकडा 14 नोव्हेंबरचा ठरतो. Y वर्ग, 014C सीट, 0047 सीक्वेन्स आणि नंतरचा 1 म्हणजे चेक-इन झालेलं आहे. तिथं 0 असेल तर चेक-इन अजून व्हायचंय असं धरून कंपनीला विचारावं.

या सगळ्यात गेट आणि बोर्डिंगची वेळ कुठंच नाही. सुटण्याची वेळही नाही. त्यासाठी विमानाचा नंबर घेऊन कंपनीच्या ॲपवरच बघावं लागतं.

८. पासचा फोटो स्टेटसला टाकू नका.

आईचा पहिला विमानप्रवास, कौतुक असतं, मला ते कळतं. पण बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर आडनाव आणि पीएनआर एवढ्यावर बुकिंग उघडतं. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पासच्या फोटोवरून एका तरुणानं त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर शोधून दाखवला होता, आणि मग स्वतःच सरकारला कळवलं होतं. आपल्याकडं धोका जास्त साधा आहे. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल, तर ते कुणीही उघडून सीट बदलू शकतं किंवा रद्द करू शकतं. नुसता पीएनआर बोटानं झाकून भागत नाही, कारण तो बारकोडातही आहे. फोटो टाकायचाच असेल तर काकूंचा विमानतळाबाहेरचा टाका. पुण्याचं विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, आत फोटोला मनाई असते.