प्रबंधातील प्रकरणाचे शोधलेखात रूपांतर : पुनर्रचना, संक्षेप आणि शीर्षक

विद्यावाचस्पती पदवीसाठी सादर झालेल्या प्रबंधातील एखादे प्रकरण शोधनियतकालिकाकडे पाठविण्याची इच्छा अनेक अभ्यासकांना होते. पुष्कळदा ते प्रकरण आहे त्याच स्वरूपात, केवळ पृष्ठसंख्या कमी करून धाडले जाते आणि काही महिन्यांनी साभार परत येते. विषयाचा कमकुवतपणा हे त्याचे कारण असतेच असे नाही. प्रकरण आणि लेख हे दोन वेगळ्या वाचकांसाठी लिहिले जातात, ही गोष्ट रूपांतर करताना लक्षात घेतली गेली नाही, एवढेच बहुधा घडलेले असते.

प्रबंधाचा वाचक परीक्षक असतो. उमेदवाराने विषयाचे समग्र वाङ्मय वाचले आहे काय, साधने कोणत्या पद्धतीने तपासली आहेत, हे त्याला पाहावयाचे असते. म्हणून प्रकरणात पूर्वसंशोधनाचा विस्तृत आढावा येतो, पद्धतीचे समर्थन येते, आणि मागील व पुढील प्रकरणांशी सांधे जोडलेले असतात. शोधलेखाच्या वाचकाने मागचे प्रकरण वाचलेले नसते आणि पुढचे तो वाचणारही नसतो. लेखकाची विद्वत्ता जोखणे हा त्याचा हेतू नसून त्याला एका प्रश्नाचे पुराव्यानिशी दिलेले उत्तर हवे असते. या एका भेदातून पुढील सर्व कृती निघतात.

एक उदाहरण

विवेचन मोघम राहू नये म्हणून एक प्रकरण कल्पू. "बडोदा संस्थानातील प्राथमिक शिक्षण : १८७५ ते १९३९" असा एक प्रबंध आहे. त्याचे चौथे प्रकरण सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात आरंभिलेल्या सक्तीच्या शिक्षणाच्या प्रयोगापासून ती सक्ती १९०६ साली सर्व संस्थानास लागू होईपर्यंतच्या काळाविषयी आहे. वर्षे आणि घटना इतिहासातील आहेत. प्रकरणाची रचना आणि त्याचे निष्कर्ष मात्र येथे केवळ दृष्टान्तादाखल घेतले आहेत.

प्रकरण १४,००० शब्दांचे आहे. त्याची विभागणी अशी : मागील प्रकरणांचा सारांश १,२०० शब्द, पूर्वसंशोधनाचा आढावा ३,०००, साधने व पद्धती १,८००, संस्थानची शैक्षणिक पार्श्वभूमी २,५००, हजेरी आणि दंड यांचे विश्लेषण ४,०००, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९११ च्या विधेयकाशी तुलना १,०००, आणि समारोप ५००. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवावयाचा आहे त्याची मर्यादा, तळटीपा धरून, ७,००० शब्दांची आहे.

पहिली कृती : प्रतिपाद्य निश्चित करणे

कात्री हाती घेण्यापूर्वी एक वाक्य लिहावे : या लेखात मी अमुक प्रश्नाचे अमुक उत्तर देत आहे. प्रकरणाचा विषय सांगणारे वाक्य येथे चालणार नाही. "सक्तीच्या शिक्षणाचा विस्तार कसा झाला" हा विषय झाला. "अमरेलीत हजेरी वाढली ती पालकांवरील दंडाच्या भयाने नव्हे, तर गावापासून शाळेचे अंतर कमी झाल्याने" हे प्रतिपाद्य झाले. त्यावर मतभेद होऊ शकतो आणि त्यासाठी पुरावा लागतो.

असे वाक्य सुचत नसेल तर प्रकरणाचा प्रत्येक परिच्छेद वाचून त्याचे सार समासात एका ओळीत लिहावे आणि मग केवळ त्या ओळी सलग वाचाव्यात. ज्या ओळींमध्ये नवी माहिती किंवा नवे अनुमान आहे त्यांवर खूण करावी. खुणा जेथे दाट पडतील तेथे लेख आहे. आपल्या उदाहरणात त्या हजेरी आणि दंड यांच्या विश्लेषणात पडतील. खुणा दोन दूरच्या ठिकाणी विभागल्या गेल्या तर त्या प्रकरणात दोन लेख आहेत असे समजावे. दोन्ही एकात कोंबण्याचा आग्रह धरू नये.

दुसरी कृती : पुनर्रचना आणि संक्षेप

संक्षेप करताना सर्वसाधारण प्रवृत्ती प्रत्येक वाक्यातून दोनतीन शब्द काढण्याची असते. या मार्गाने १४,००० चे १२,००० शब्द होतात. त्यापुढे भाषा तुटक होते आणि रचना पूर्वीचीच राहते. म्हणून आधी संपूर्ण विभाग काढावेत, नंतर परिच्छेद, आणि वाक्ये अगदी शेवटी.

मागील प्रकरणांचा सारांश पूर्णतः वगळावा. गोखले यांच्या विधेयकाशी केलेली तुलनाही वगळावी. ती उपयुक्त आहे. परंतु ते विधेयक १९११ साली मांडले गेले आणि आपला प्रश्न १९०६ पाशी संपतो. तो मजकूर पुढील एखाद्या लेखासाठी राखून ठेवावा. अभ्यासकास सर्वांत जड जाते ते हेच. कारण वगळलेला भाग वाईट नसतो, तो केवळ अप्रस्तुत असतो.

पूर्वसंशोधनाच्या ३,००० शब्दांचे ५०० करावेत. प्रबंधात हा आढावा ग्रंथकारवार असतो. लेखात तो मतवार असावा. आपल्या प्रश्नास आजवर कोणती दोन किंवा तीन उत्तरे दिली गेली आणि ती कोठे अपुरी पडतात, इतकेच सांगावे. जो ग्रंथ या वादात पक्षकार नाही त्याचा उल्लेख गेला तरी हानी नाही. साधनांविषयी ४०० शब्द पुरेत : वार्षिक प्रशासन-अहवाल कोणत्या वर्षांचे पाहिले, आणि हजेरीचे आकडे पटावरील आहेत की प्रत्यक्ष उपस्थितीचे. हा शेवटचा खुलासा कितीही संक्षेप केला तरी गाळू नये, कारण संपूर्ण अनुमान त्यावर उभे आहे. पार्श्वभूमीस ६०० शब्द द्यावेत आणि जी माहिती पुढील विश्लेषणात प्रत्यक्ष कामी येते तेवढीच ठेवावी.

विश्लेषणाचे ४,००० शब्द ३,२०० वर आणावेत. प्रकरणात सहा कोष्टके असतील तर ज्यांवाचून अनुमान सिद्ध होत नाही अशी दोनच ठेवावीत आणि इतरांतील निष्कर्ष एकेका वाक्यात सांगावा. यास ५०० शब्दांची नवी प्रस्तावना आणि मर्यादांसह ८०० शब्दांचा समारोप जोडला की लेख ६,००० शब्दांचा होतो; उरलेले १,००० शब्द तळटीपांसाठी राहतात. समारोप प्रकरणातल्यापेक्षा मोठा झाला, हे योग्यच आहे. प्रकरणाचा समारोप वाचकास पुढील प्रकरणाकडे नेतो. लेखाच्या समारोपास निष्कर्ष, त्याची व्याप्ती आणि त्याच्या सीमा स्वतःच सांगाव्या लागतात.

प्रस्तावना जुन्या मजकुरातून बेतू नये. ती नव्याने लिहावी. प्रकरणाचा आरंभ बहुधा असा असतो : "मागील प्रकरणात संस्थानच्या शिक्षणखात्याची घडण पाहिली. प्रस्तुत प्रकरणात सक्तीच्या शिक्षणाचा विचार करावयाचा आहे." लेखाचा आरंभ असा करता येईल : "बडोदा संस्थानाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती संस्थानभर लागू केली. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड, हे या सक्तीचे साधन होते. हजेरीतील वाढ या साधनामुळे झाली काय, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे." स्थळ, काळ आणि प्रश्न ही तिन्ही येथे पहिल्या तीन वाक्यांत आली.

तिसरी कृती : शीर्षक

प्रकरणाचे शीर्षक प्रबंधाच्या छायेत असते. "सक्तीच्या शिक्षणाचा विस्तार" एवढे म्हटले तरी तेथे भागते, कारण संस्थान आणि काळ मुखपृष्ठावर आलेले असतात. तेच शीर्षक सूचीत एकटे पडले की कोणत्या प्रांताचा, कोणत्या शतकाचा विस्तार, हे कळत नाही आणि शोध घेणाऱ्याच्या हाती तो लेख लागत नाही. "दंड की अंतर? बडोदा संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि शाळेतील हजेरी, १८९३–१९०६" या शीर्षकात पूर्वार्ध प्रश्न सांगतो आणि उत्तरार्ध विषय, स्थळ व काळ सांगतो. "एक अभ्यास", "एक चिकित्सा" यांसारखी पदे गाळावीत. शोधलेख हा अभ्यासच असतो. शीर्षकाने लेखापेक्षा अधिक व्याप्तीचे आश्वासनही देऊ नये. पुरावा केवळ अमरेलीचा असेल तर शीर्षकात अमरेलीच यावी.

गोषवारा सर्वांत शेवटी, सुमारे १५० शब्दांत लिहावा आणि त्यात निष्कर्ष स्पष्ट सांगावा. "निष्कर्षांची चर्चा केली आहे" असे वाक्य गोषवाऱ्यात आढळले तर ते निष्कर्षाची जागा अडवून बसले आहे असे समजावे.

राहून जाणारे दोष

प्रबंधाचे अवशेष लेखात मागे राहतात. "मागे पाहिल्याप्रमाणे", "प्रस्तुत प्रकरणात", "परिशिष्ट तीन पाहा" असे शब्दप्रयोग शोधून काढावेत. ग्रंथांची व दप्तरांची संक्षिप्त नावे प्रबंधाच्या आरंभी उलगडलेली असतात. लेखात ती प्रथमोल्लेखी पूर्ण द्यावीत. "उपरोक्त" म्हणून दिलेल्या तळटीपेचा मूळ संदर्भ वगळलेल्या भागात तर गेला नाही ना, हेही एकेक टीप घेऊन पडताळावे. कोष्टकांचे व टिपांचे क्रमांक नव्याने द्यावेत. त्यानंतर प्रबंध न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्यास लेख द्यावा आणि पहिल्या दोन पृष्ठांनंतर थांबवून लेखाचा प्रश्न कोणता, ते विचारावे. त्यास तो सांगता आला नाही तर प्रस्तावना पुन्हा लिहावी.

शेवटची बाब प्रामाणिकपणाची. भारतीय विद्यापीठांतील पुष्कळ प्रबंध आता शोधगंगा या संग्रहात सर्वांना वाचावयास उपलब्ध असतात. त्यामुळे साम्य तपासणारी यंत्रणा लेखकाचाच मजकूर त्याच्याच प्रबंधाशी जुळवून दाखविते. लेख अमुक विद्यापीठास अमुक वर्षी सादर केलेल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर आधारित आहे, हे संपादकास पाठवावयाच्या पत्रात आणि लेखाच्या पहिल्या टिपेत नमूद करावे. प्रबंधावर आधारित लेखाविषयी प्रत्येक नियतकालिकाचे धोरण सारखे नसते. म्हणून लेख धाडण्यापूर्वीच विचारणा करणे श्रेयस्कर. तसेच एका संपादकाचा निर्णय हाती येईपर्यंत तोच लेख दुसरीकडे पाठवू नये.