आठाच्या ठोक्याला दुकान उघडायचं, तर किती पैसे लागतात?

गेल्या दिवाळीत मनावर गावच्या आमच्या वहिनींनी बाग प्रिंटच्या अडतीस साड्या एकाच वेळी विक्रीला काढायचं ठरवलं. गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं होतं. इंदूर, देवास आणि धारची मराठी घरं, पुण्याला गेलेल्या लेकी आणि न्यू जर्सीतल्या दोन-तीन भाच्या. आठ दिवस आधीपासून ‘उरले सात दिवस’, ‘उरले तीन दिवस’ अशा पोस्ट चालल्या होत्या. शनिवारी रात्री आठला काउंटडाउन शून्यावर आला आणि साड्यांच्या पानावर ‘लवकरच’ ही पाटी तशीच राहिली. गिऱ्हाइकं पान पुन्हा पुन्हा उघडत होती, पण खरेदीचं बटण काही येत नव्हतं. आठ वाजून सतरा मिनिटांनी वहिनी घाबरून आपल्या वेबसाइटवर लॉग-इन झाल्या आणि त्यानंतर साड्या आपोआप दिसायला लागल्या. तोवर निम्मी मंडळी जेवायला बसली होती.

यंदा त्या पुन्हा हा बेत करताहेत. हिशेब मांडायला मला बसवलं, म्हणून तोच इथे देते आहे.

मुळात बाग प्रिंटला असा मुहूर्त शोभतो. कापड खारात भिजवून धुतात, ठशांनी छापतात, वाहत्या पाण्यात धुतात आणि मग तांब्याच्या भांड्यात आल आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात. त्यामुळे माल रोज एक-दोन नगांनी येत नाही, खेपेनं येतो. म्हणून माझा पहिला नियम असा की खेप कपाटात येऊन, मोजून, फोटो काढून झाल्याखेरीज तारीख जाहीर करायची नाही. पाऊस लांबला, ऊन पडलं नाही, की वाळवण अडतं आणि मग काउंटडाउन पुढे ढकलावा लागतो. एकदा पुढे ढकलला की पुढच्या वेळी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पोस्टचा खर्च सर्वांत कमी आहे, आणि लोक नेमका त्याचाच जास्त विचार करतात. सहा पोस्टच्या चित्रांचे इंदूरच्या एका मुलानं अठराशे रुपये सांगितले. पोस्ट ठरल्या वेळी आपोआप टाकण्याचे पैसे पडत नाहीत. इन्स्टाग्रामचं व्यावसायिक खातं असेल तर ॲपमधूनच पंच्याहत्तर दिवस आधीपर्यंत वेळ लावून ठेवता येते. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे एकदम टाकायचं असेल तर मेटा बिझनेस सूट आहे, तोही फुकट. यासाठी महिन्याला पैसे घेणारी साधनं अडतीस साड्यांच्या दुकानाला नकोत.

इन्स्टाग्राम स्टोरीवरचा काउंटडाउन स्टिकर मात्र हातानंच लावायचा. तो दाबून आठवण लावणाऱ्याला वेळ संपली की फोनवर सूचना येते, ही त्याची खरी किंमत. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून दुसऱ्या स्टोरीत तोच जुना काउंटडाउन पुन्हा वापरायचा, नवा करायचा नाही. नवा केलात तर आधी दाबलेल्यांची सूचना एकीकडे आणि नव्यांची दुसरीकडे असा घोळ होतो. आणि साध्या पोस्टवर ‘रात्री ८, भारतीय वेळ’ असं लिहायला विसरू नका. ऑक्टोबरात आपले रात्रीचे आठ म्हणजे न्यू जर्सीचे सकाळचे साडेदहा. भाच्यांना ते सोयीचं आहे. आपल्या सकाळी अकराला काढलं असतं, तर त्यांना मध्यरात्री दीडला उठावं लागलं असतं.

‘आता उघडलं’ ही शेवटची पोस्ट मी आधी वेळ लावून टाकू देत नाही. ती वहिनींनी स्वतः पान उघडून, बटण बघून, मगच टाकायची. गेल्या वर्षी ती आठ वाजता आपोआप गेली आणि लोकांना बंद दारावर घेऊन गेली.

आता ते दार. वहिनींची साइट वर्डप्रेसवर आहे, दुकानासाठी वूकॉमर्स. साड्या ‘आठ वाजता प्रसिद्ध कर’ अशा लावून ठेवल्या होत्या. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण वर्डप्रेसचं हे काम एका अंतर्गत गजराकडून होतं आणि तो गजर स्वतःच्या बळावर वाजत नाही. कोणी साइटवर आलं की तो जागा होतो आणि ‘माझ्या वाटची कामं राहिलीत का’ असं बघतो. तरी आठ वाजता तर पन्नासेक माणसं आलेली होती, मग तो का जागा झाला नाही? कारण साइट वेगानं उघडावी म्हणून पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारं कॅशिंग चालू होतं. येणाऱ्याला साठवलेली प्रत हातात मिळत होती, आणि आतल्या वर्डप्रेसपर्यंत कोणी पोचतच नव्हतं. वहिनी लॉग-इन झाल्या तेव्हा प्रथमच आतलं यंत्र हललं. लॉग-इन केलेल्याला साठवलेली प्रत सहसा देत नाहीत, म्हणून त्यांना सगळं ठीक दिसलं आणि घोटाळा कुठे होता ते कळलंच नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, गजर दारातल्या वर्दळीवर न सोडता होस्टिंगच्या घड्याळाला बांधायचा. वर्डप्रेसच्या `wp-config.php` मध्ये ही ओळ घालायची:

```
define('DISABLE_WP_CRON', true);
```

आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये `Cron Jobs` खाली दर पाच मिनिटांनी ही आज्ञा लावायची:

```
*/5 * * * * wget -q -O - https://example.com/wp-cron.php?doing_wp_cron >/dev/null 2>&1
```

होस्टिंगसोबत ही सोय बहुतेक ठिकाणी येते, वेगळे पैसे नाहीत. एक बारकावा मात्र सांभाळायचा. साडीची वेळ बरोबर ८:०० लावली आणि आठचा गजर क्षणभर आधी वाजून गेला, तर साडी ८:०५ ला उघडेल. म्हणून वेळ ७:५८ लावायची, म्हणजे आठचा गजर तिला नक्की पकडतो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा कोलकाता आहे का तेही बघा. तो युटीसी असेल तर आपल्या रात्री आठऐवजी मध्यरात्रीनंतर दीडला दुकान उघडेल.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. गजर वाजण्याची वाटच बघायची नाही. साड्या आधीपासून प्रसिद्ध ठेवायच्या, सगळ्यांना बघता येतील अशा. दारात फक्त एक पहारेकरी बसवायचा, जो प्रत्येक वेळी सर्व्हरचं घड्याळ बघून ‘विकू का नको’ ते ठरवेल. याचा आणखी एक फायदा आहे. वेळ लावून ठेवलेल्या साडीची लिंक त्या वेळेआधी गिऱ्हाइकाला ‘पान सापडलं नाही’ असं दाखवते, म्हणजे काउंटडाउनच्या पोस्टमध्ये ती देता येत नाही. पहारेकऱ्याच्या पद्धतीत लिंक आठ दिवस आधीच देता येते.

```php
add_filter('woocommerce_is_purchasable', function ($ok, $p) {
  $open = strtotime('2026-10-24 20:00:00 Asia/Kolkata');
  if (has_term('bagh-diwali', 'product_cat', $p->get_id())
      && time() < $open) return false;
  return $ok;
}, 10, 2);
```

हे लिहून, तपासून देण्याचे आमच्या ओळखीच्या मुलानं अडीच हजार घेतले. दोन-तीन तासांचं काम आहे. कोणी पंधरा हजार सांगितले तर तो पूर्ण साइटचे पैसे सांगतो आहे, असं समजा. एकाच साडीत रंगांचे पर्याय असतील तर त्यांच्यासाठी वेगळी ओळ लागते, ते त्याला आधी सांगा. पानावर फिरणारं काउंटडाउनचं घड्याळ नुसतं दाखवण्यापुरतं असतं आणि ते बघणाऱ्याच्या फोनच्या वेळेवर चालतं. फोनची वेळ पुढे केली तर ते लवकर शून्यावर येईल, पण साडी मिळणार नाही, कारण निर्णय सर्व्हरचा आहे. फक्त या साड्यांची पानं कॅशिंगमधून वगळायची. नाहीतर पहारेकरी दार उघडेल आणि लोकांना बंद दाराचा जुना फोटो दिसत राहील.

गजराचं काम तरीही संपत नाही. कोणी साडी घेऊन पैसे भरायच्या पानावर गेलं आणि यूपीआय अर्धवट सोडलं, तर वूकॉमर्स ती साडी त्या माणसाच्या नावे अडवून ठेवतं. `Hold stock` मध्ये मुळात साठ मिनिटं असतात. एकेकच नग असलेल्या साड्यांच्या विक्रीत एक तास म्हणजे फार झाला. आम्ही दहा मिनिटं केली. आणि पैसे न भरलेली ऑर्डर रद्द करण्याचं काम पुन्हा त्याच गजराकडे असल्यामुळे वरचा पहिला उपायही लावूनच घ्यावा.

शॉपिफायवर दुकान असेल तर प्रसिद्धीची तारीख-वेळ त्यांच्याच पटलावर लावता येते आणि गजराची ही कटकट तुमच्या वाट्याला येत नाही. त्याबदल्यात दर महिन्याला भाडं, विक्री होवो न होवो. वर्षातून दोनदा खेप काढणाऱ्या वहिनींना ते परवडत नाही. दर आठवड्याला नवं काढणाऱ्यानं जरूर विचार करावा.

निरोप कळवायला व्हॉट्सॲप. वहिनींच्या यादीत चारशेवीस गिऱ्हाइकं आहेत. फुकटच्या बिझनेस ॲपमध्ये एका ब्रॉडकास्ट यादीत दोनशे छप्पन नावं बसतात, म्हणजे दोन याद्या पुरल्या. अट एकच, त्या माणसानं वहिनींचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. तेव्हा आधी ‘नंबर सेव्ह करा’ एवढं सांगून घ्या. आपोआप निरोप पाठवणारी पैसे देऊन घेण्याची व्यवस्था केली तर जाहिरातीच्या एका निरोपाला नव्वद पैशांच्या आसपास पडतात. तीन निरोप, चारशेवीस माणसं, वर जीएसटी, म्हणजे तेराशेच्या घरात, आणि सेवा देणाऱ्याची महिन्याची फी वेगळी. एसएमएसच्या नादी तर लागूच नका. डीएलटी नोंदणीलाच पाच-सहा हजार जातात आणि जाहिरातीचे एसएमएस रात्री नऊनंतर जात नाहीत.

पैसे घेणाऱ्या गेटवेचं कमिशन साधारण २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. अडतीस साड्या चोवीसशे रुपयांप्रमाणे ९१,२०० रुपयांच्या, त्यातले सुमारे २,१५० तिकडे जातात. चित्रांचे १,८०० आणि कोडचे २,५०० मिळवले तर एकूण ६,४५०, म्हणजे साडीमागे १७० रुपये. पुढच्या खेपेला कोडचे पैसे पुन्हा पडत नाहीत, फक्त तारीख बदलायची.

विक्री संपल्यावर ‘खास तुमच्यासाठी आणखी दोन तास’ म्हणून घड्याळ पुन्हा सुरू करायचा मोह वहिनींच्या मुलाला झाला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई दाखवणं हा फसव्या रचनेचा प्रकार म्हणून स्पष्ट नोंदवला आहे. आठ म्हणजे आठ, संपलं म्हणजे संपलं.

गेल्या गुरुवारी आम्ही रंगीत तालीम घेतली. एक रुपयाचा एक खोटा नग केला, त्याची वेळ दहा मिनिटांनी पुढची लावली आणि वहिनींनी लॉग-इन न करता, घरचं वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर पान उघडून ठेवलं. पहिल्या खेपेला वेळ होऊन तीन मिनिटं झाली तरी बटण आलं नाही. साडीचं पान कॅशिंगमधून वगळलं होतं, पण ज्या पानावर सगळ्या साड्या एकत्र दिसतात ते वगळायचं राहिलं होतं. ते वगळलं, वहिनींनी स्वतःच एक रुपया भरून ऑर्डर केली आणि म्हणाल्या, ‘‘आता हा रुपयाही हिशेबात लिही.’’