मोठे डोके, लहान धड

प्रश्न : जवळून घेतलेल्या छायाचित्रातील चेहरा वापरून InstantID ने पूर्णाकृती चित्र तयार केल्यास डोके शरीराच्या मानाने मोठे येते. त्यावर उपाय काय?

उत्तर : या पद्धतीत चेहऱ्याची ओळख आणि चेहऱ्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या मार्गांनी पुरवल्या जातात. जागा ठरते ती दोन डोळे, नाक आणि ओठांची दोन टोके या पाच खुणांवरून; ComfyUI मध्ये image_kps ही जोडणी मोकळी राहिल्यास त्या खुणा मूळ छायाचित्रातूनच घेतल्या जातात आणि चौकट व्यापणारा चेहरा तसाच मोठा उतरतो. म्हणून तेथे हव्या त्या ठेवणीचे, योग्य प्रमाणाचे पूर्णाकृती चित्र जोडावे. त्यातील व्यक्ती कोणतीही चालते, कारण त्यातून फक्त खुणा घेतल्या जातात.

पडताळणी मोजूनच करावी. उभ्या प्रौढ व्यक्तीची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी असते. आकृती 1100 पिक्सेल उंच असेल, तर टाळूपासून हनुवटीपर्यंत सुमारे 147 पिक्सेल भरावेत, आणि 200 भरल्यास प्रौढाचे बालक दिसू लागते.

इतक्या लहान चेहऱ्यात साम्य पुसट होते. अशा वेळी डोके, मान आणि खांद्यांचा काही भाग कापून, मोठा करून, त्यातील चेहराच पुन्हा रंगवून घ्यावा आणि बदलाची तीव्रता, म्हणजे denoise, 0.4 च्या आसपास ठेवावी; ती फार वाढवल्यास डोक्याचा आकार पुन्हा बदलतो. मूळ आकृतीतच डोके मोठे असेल, तर या दुरुस्तीने ते लहान होत नाही. चित्र नव्यानेच काढावे लागते.