आरोग्य पाठ : पावसाळ्यात पोहणाऱ्यांचा कान



भूम तालुक्यातील वस्त्यांवर आरोग्य तपासणीसाठी फिरताना मी एक गोष्ट दरवर्षी पाहते. उन्हाळ्यात विहिरी आटलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये बालाघाटच्या डोंगरात दोन-चार चांगले पाऊस झाले की विहिरींना, शेततळ्यांना आणि ओढ्यांना पाणी येते. मुले पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधून पोहायला उतरतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत कानावर हात दाबून बसलेली मुले दिसू लागतात. या दुखण्याला डॉक्टर ‘स्विमर्स इअर’, म्हणजे पोहणाऱ्यांचा कान असे म्हणतात. ते कसे होते, कसे ओळखायचे आणि थेंब कसे घालायचे, हा या अंकातील पाठ आहे.

पावसाळ्यातच का?

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती किंचित वाकडी असते आणि पडद्यापाशी बंद होते. त्यामुळे आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला एकच वाट असते. नळीच्या आत पातळ त्वचा असते आणि तिच्यावर मळाचा थर असतो. हा मळ आपण घाण समजतो, पण तो चिकट आणि किंचित आंबट गुणाचा असल्यामुळे पाणी त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही आणि जंतूंना वाढू देत नाही.

मे महिन्यात दोरीवर टाकलेला कपडा तासाभरात वाळतो. ऑगस्टमध्ये तोच कपडा दुसऱ्या दिवशीही दमट लागतो. कानाचेही तसेच आहे. हवा कोरडी असली तर पोहून आल्यावर नळी लवकर वाळते. हवाच ओली असली तर नळी तासन्‌तास ओली राहते, आणि ती वाळण्याआधीच मुलगा पुन्हा पाण्यात उडी मारतो. मळ धुऊन जातो. खूप वेळ धुणे धुतल्यावर बोटांची कातडी जशी पांढरी आणि मऊ पडते, तशी आतली त्वचा होते. मग कान खाजतो. खाज सुटली की काडेपेटीची काडी, केसांतली पिन किंवा कानकोरणे आत जाते आणि मऊ झालेल्या त्वचेला ओरखडा पडतो. पाण्यात आणि ओलसर जागी राहणारे जंतू त्या ओरखड्यातून आत शिरतात. त्यांतला नेहमीचा जंतू म्हणजे स्युडोमोनास.

हे दुखणे फक्त पोहणाऱ्यांनाच होते असे नाही. रोज डोक्यावरून पाणी घेणाऱ्या आणि कान न पुसता ओल्या केसांवर पदर किंवा रुमाल घट्ट बांधणाऱ्या बायकांनाही ते होते.

एका मुलाची हकिगत

एका वस्तीवरचा तेरा वर्षांचा मुलगा आठवडाभर रोज दुपारी विहिरीत पोहत होता. पहिले दोन दिवस त्याच्या उजव्या कानाला नुसती खाज होती, म्हणून त्याने काडीने कान कोरला. तिसऱ्या दिवशी कान ठणकू लागला. आजीने लसूण घालून कडवलेले तेल कोमट करून कानात सोडले. पाचव्या दिवशी त्याला भाकरी चावता येईना, आणि त्या कुशीवर झोपता येईना. मी वस्तीवर गेले तेव्हा तो असा होता.

अशा वेळी पाहण्याची पहिली खूण सोपी आहे. कानाची पाळ हलकेच वर ओढायची. मग भोकाच्या पुढे, गालाच्या बाजूला जो छोटा मऊ उंचवटा असतो तो बोटाने दाबायचा. त्याने कळ आली तर दुखणे बहुधा बाहेरच्या नळीत असते. सर्दी-तापानंतर पडद्याच्या आत जे दुखणे होते, त्यात पाळ ओढल्याने दुखणे सहसा वाढत नाही. पडदा फुटून कान वाहू लागला तर चिकट पू भरपूर येतो. या मुलाची पाळ ओढताच तो ओरडला. त्याला सर्दी नव्हती, तापही नव्हता. भोकापाशी थोडेसे पातळ पाणी आणि तेलाचा थर दिसत होता. तरीही पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिव्याने कान पाहावाच लागतो, म्हणून त्याला रुग्णालयात नेले.

डॉक्टरांनी आधी कान साफ केला, कारण पू, साल आणि तेल यांचा थर आत असेल तर थेंब त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. नळी सुजून जवळजवळ बंद झाली होती. म्हणून त्यांनी औषधात भिजवलेली बारीक वात आत बसवली. तिच्यामुळे थेंब शोषले जाऊन आतपर्यंत जातात. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन असलेले थेंब दिले : सकाळ-संध्याकाळ चार-चार, सात दिवस. पहिले औषध जंतू मारते, दुसरे सूज उतरवते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिले. जंतूंसाठी पोटात घ्यायची गोळी दिली नाही, आणि आईला त्याचे नवल वाटले. पण या दुखण्यात औषध थेट जागेवर, गोळीने मिळते त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात पोहोचते. दुखणे कानाबाहेर पसरले असेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर गोष्ट वेगळी.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी वात काढली. तिसऱ्या दिवशी मुलगा त्या कुशीवर झोपला. बरे वाटल्यावरही आईने सातही दिवस थेंब घातले आणि त्याला पाण्यापासून दूर ठेवले.

पण गोष्ट इथे संपली नाही. तीन आठवड्यांनी कानाला पुन्हा खाज सुटली. या वेळी दुखणे कमी होते, पण कान गच्च भरल्यासारखा वाटत होता आणि शाळेत मागच्या बाकावरून त्याला ऐकू येत नव्हते. घरात जुन्या बाटलीत थोडे थेंब उरले होते आणि घरच्यांनी तेच पुन्हा सुरू केले होते. त्याने खाज वाढली. डॉक्टरांनी पाहिले तर आत भिजलेल्या कागदासारखा राखाडी थर होता आणि त्यावर काळे ठिपके. ती बुरशी होती. दमट दिवसांत भाकरीवर बुरशी चढते, तशीच ओल्या कानातही वाढते. जंतू मारणारे थेंब बुरशीला मारत नाहीत, आणि सूज उतरवणारे औषध जास्त दिवस घातले तर तिला उलट मोकळे रान मिळते. कान पुन्हा साफ करून बुरशीचे क्लोट्रिमाझोलचे थेंब दोन आठवडे घातले, तेव्हा कान मोकळा झाला आणि ऐकू येऊ लागले.

म्हणून उरलेले थेंब पुढच्या वेळेसाठी ठेवू नयेत, आणि एकाचे थेंब घरातल्या दुसऱ्याच्या कानात घालू नयेत. दुखणे दिसायला सारखे असले तरी औषध वेगळे असू शकते. पडद्याला भोक असेल तर काही थेंबांनी, विशेषतः निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेल्या थेंबांनी, आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.

थेंब कसे घालावेत

बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरून कोमट करा. गार थेंबांनी चक्कर येते. रुग्णाला दुखरा कान वर करून कुशीवर झोपवा. मोठ्या माणसाच्या कानाची पाळ वर आणि मागे ओढा. तीन वर्षांखालच्या बाळाची खाली आणि मागे ओढा. त्याने नळी सरळ होते. बाटलीचे टोक कानाला न लावता सांगितलेले थेंब सोडा. मग भोकापुढचा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबा, म्हणजे अडकलेली हवा निघून औषध खाली उतरते. पाच मिनिटे तसेच पडून राहू द्या. लगेच उठवले तर औषध उशीवर जाते.

उपचार चालू असताना अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवा आणि नंतर काढून टाका. बोळा दिवसभर आत ठेवला तर ओल कोंडते. कान बरा होईपर्यंत, साधारण सात ते दहा दिवस, पोहणे बंद ठेवा.

कान कोरडा कसा ठेवावा

पोहून किंवा डोक्यावरून अंघोळ करून आल्यावर मान एका बाजूला कलती करा, पाळ हलकेच इकडे-तिकडे ओढा आणि पाणी गळू द्या. मग दुसरी बाजू. सुती कापडाच्या टोकाने भोकाचे तोंड टिपा, बोट जाईल तितकेच. त्याच्या आत काडी, पिन किंवा कापसाची काडीही घालू नका. आपल्या कित्येक घरांत बाळाच्या अंघोळीनंतर कानात तेल सोडायची रीत आहे. पावसाळ्यात तर ती सोडाच. तेलाने नळी कोरडी होत नाही, आणि त्यात धूळ व साल चिकटून बसते.

ज्यांना वारंवार हा त्रास होतो आणि ज्यांचा पडदा शाबूत असल्याचे डॉक्टरांनी पाहिले आहे, त्यांच्यासाठी एक जुना उपाय आहे. पांढरे व्हिनेगर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समान भाग घेऊन पोहल्यानंतर तीन-चार थेंब कानात सोडून लगेच ओतून द्यायचे. अल्कोहोलने पाणी उडून जाते आणि व्हिनेगरने मळाचा आंबटपणा परत येतो. पण हे दुखणे लागण्याआधीच करायचे. कान दुखत असेल, वाहत असेल, किंवा पडद्याला भोक असेल तर हे मिश्रण मुळीच घालू नये.

थांबू नये अशा खुणा

थेंब सुरू करून तीन दिवसांत दुखणे कमी झाले नाही, ताप आला, कानामागे किंवा गालावर लाली व सूज पसरली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. सर्वांत जास्त जपायचे ते मधुमेही वडीलधाऱ्यांना. त्यांच्यात हेच दुखणे कधी कधी नळीतून कवटीच्या हाडात उतरते. रात्री झोपू न देणारा ठणका आणि तोंड एका बाजूला वाकडे होणे, या त्याच्या खुणा आहेत. अशा वेळी घरी थेंब घालत बसू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

वस्त्यांसाठी औषधे पाठवणाऱ्या मित्रांना एक विनंती : कानाच्या थेंबांच्या उघडलेल्या बाटल्या पाठवू नका. उघडल्यावर साधारण महिन्याभरात त्या टाकूनच द्यायच्या असतात. त्याऐवजी छोटे सुती पंचे आणि व्हॅसलिनच्या डब्या पाठवा. ऑगस्टमध्ये विहिरीच्या काठावर त्यांचा उपयोग जास्त होतो.