कापलेल्या पैशांची तक्रार: काय करावे, काय टाळावे

रायडरचा मेसेज असा येतो:

«भावा, परत कापले हरामखोरांनी! ४८६ रुपये! अर्धा तास गेटवर उभा होतो, दहा वेळा फोन लावला, कस्टमर उचलेना. सपोर्टवाल्यानेच ऑर्डर कॅन्सल केली ना? वर बाराशे कॅश भरली तीपण दाखवत नाहीत. दरवेळी हेच. चोर आहेत सगळे.»

अर्ज तुम्ही लिहून देणार असाल, तर हे पाळा.

काय करावे

- आधी मेसेज पूर्ण वाचा, व्हॉइस मेसेज असेल तर दोनदा ऐका. कामाची माहिती शिव्यांच्या मधेच असते.

- त्यातल्या वेगवेगळ्या तक्रारी सुट्या करा. वरच्या मेसेजात दोन आहेत: ऑर्डरचे ₹४८६ आणि रोख भरण्याचे ₹१,२००. प्रत्येकीसाठी वेगळे तिकीट काढा, नाहीतर एकीचे उत्तर देऊन दोन्ही बंद होतात.

- रायडरला फोन करून चारच गोष्टी विचारा: कोणती ऑर्डर, कोणती तारीख, किती कापले, ॲपमध्ये कारण काय लिहिले आहे.

- कपातीचे कारण ॲपमध्ये आहे त्याच शब्दांत उतरवा, सपोर्टवाला तेच शब्द शोधतो.

- सपोर्टच्या चॅटचा स्क्रीनशॉट सगळ्यात आधी घ्यायला सांगा; तिकीट बंद झाल्यावर ते चॅट पुन्हा उघडेलच असे नाही.

- स्क्रीनशॉटमध्ये ऑर्डर क्रमांक आणि वेळ दोन्ही दिसू द्या. एका फ्रेममध्ये बसत नसेल तर दोन घ्या, दुसऱ्यात पहिल्याची शेवटची ओळ येऊ द्या.

- कॉल लॉग तपासा. गिऱ्हाइकाच्या नंबराऐवजी ॲपचा मधला नंबर दिसला तरी चालतो, वेळ महत्त्वाची. फोन ॲपच्या आतूनच लावला असेल तर लॉगमध्ये काहीच नसेल. मग «तुमच्याकडची कॉलची नोंद पाहावी» एवढे लिहा.

- रागातला प्रत्येक आकडा नोंदीशी ताडून पाहा. या प्रकरणात गेटवर पोहोचल्याची वेळ ९.१४ आणि ऑर्डर कॅन्सल झाल्याची ९.३१ निघाली. म्हणजे अर्धा तास नव्हे, १७ मिनिटे. दहा फोन नव्हेत, तीन. अर्जात १७ आणि तीनच लिहा, कंपनीकडेही तीच नोंद आहे.

- पेआउटचा हिशेब एका ओळीत मांडा: आठवड्याची कमाई ₹६,२४०, कपात ₹४८६, बँकेत जमा ₹५,७५४.

- रोख भरण्याच्या तक्रारीत यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक द्या, नुसता «पेमेंट यशस्वी» असा हिरवा स्क्रीन पुरत नाही.

- फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना «डॉक्युमेंट» म्हणून मागवा, साध्या फोटोतून तो काढल्याची मूळ वेळ निघून जाते.

- मागणी स्पष्ट करा: किती रुपये परत हवेत, आणि नकार असेल तर कोणत्या नोंदीवरून.

- सपोर्टला मराठी समजत नसेल तर अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, वाक्ये मात्र अशीच आखूड ठेवा.

- रायडर कर्नाटकात काम करत असेल तर तिथल्या २०२५ च्या गिग कामगार कायद्याचा एका ओळीत उल्लेख करा, कपातीचे कारण कळवणे त्यात कंपनीवर बंधनकारक आहे.

- पाठवण्याआधी अर्ज रायडरला वाचून दाखवा. «असं नव्हतं झालं» हे तेव्हाच कळलेले बरे.

- अर्ज रायडरच्या नोंदलेल्या खात्यावरूनच पाठवा, आणि तिकीट क्रमांक वहीत लिहून ठेवा.

तयार अर्ज एवढाच असावा:

> विषय: ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे अंक ७३१२, ₹४८६ ची चुकीची कपात
>
> शुक्रवार, १२ तारखेची ही ऑर्डर मी रात्री ८.५२ ला उचलली आणि ९.१४ ला पत्त्यावर पोहोचलो. ९.१६, ९.१९ आणि ९.२४ ला ग्राहकाला फोन केले, उचलले नाहीत. ९.२७ ला सपोर्टला चॅटवर कळवले. ९.३१ ला सपोर्टने ऑर्डर कॅन्सल केली आणि मला पुढची ऑर्डर घ्यायला सांगितले.
>
> बुधवार, १७ तारखेच्या पेआउटमध्ये याच ऑर्डरचे ₹४८६ «ऑर्डर पोहोचवली नाही» या कारणाने कापले. ऑर्डर सपोर्टने कॅन्सल केल्याने हे कारण लागू होत नाही.
>
> सोबत: १) सपोर्ट चॅट, २) कॉल लॉग, ३) गेटवरचा फोटो, ४) पेआउटचा तपशील.
>
> ₹४८६ परत जमा करावेत. नकार असल्यास त्यासाठी कोणती नोंद पाहिली ते लेखी कळवावे.

काय टाळावे

- «चोर», «लुटारू», «माज» हे शब्द अर्जात आणू नका; सौम्य करूनही नको, सरळ गाळा.

- «दरवेळी», «नेहमी», «सगळे» लिहू नका. एकच ऑर्डर सिद्ध करायची आहे.

- पेट्रोलचा भाव, पाऊस, घरभाडे, मुलीची फी यातले काही घालू नका. सगळे खरे असते, पण त्यावरून सपोर्टवाला पैसे परत करू शकत नाही.

- कंपनीने असे का केले याचा अंदाज लिहू नका, खोटा ठरला की खरी नोंदही संशयात जाते.

- रायडरची चूक लपवू नका. गेटवर पोहोचण्याआधीच «पोहोचलो» दाबले असेल तर तसे लिहा, जीपीएसवर ते दिसतेच.

- स्क्रीनशॉटवर लाल गोल, बाण किंवा इमोजी काढू नका, फेरफार केल्याचा आक्षेप येतो.

- ग्राहकाचे नाव, नंबर किंवा फ्लॅटचा पत्ता अर्जात टाकू नका. ऑर्डर क्रमांक पुरतो. उलट ग्राहकाची माहिती टाकल्यावरून रायडरचीच आयडी ब्लॉक होऊ शकते.

- ग्राहकाला पुन्हा फोन करून जाब विचारू देऊ नका, हॉटेलवर जाऊन भांडूही देऊ नका.

- ओटीपी, पासवर्ड किंवा आधारचा फोटो जोडू नका, खरा सपोर्ट कपातीसाठी हे मागत नाही.

- कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, ॲपमधल्या मदतीच्या पानावरूनच जा.

- ग्राहक न्यायालयाची धमकी देऊ नका. रायडर इथे ग्राहक नाही, हे समोरच्याला ठाऊक असते.

- कर्नाटकाचा कायदा पुण्या-मुंबईच्या अर्जात चिकटवू नका.

- एकाच कपातीसाठी पाच तिकिटे काढू नका, «आधीच नोंद आहे» म्हणून चार बंद होतात आणि पाचवे रांगेत मागे पडते.

- «आपली अडचण सोडवली आहे» हे ठरीव उत्तर उत्तर समजू नका. पैसे आले नसतील तर त्याच तिकीट क्रमांकावर लिहा: «कोणती नोंद पाहिली, हे कळवलेले नाही.»

- टीमलीडरने तोंडी दिलेल्या «बघतो» वर थांबू नका. तेच वाक्य त्याला मेसेजवर लिहायला सांगा. बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि मग तेही कळते.

- रात्री बाराला, शिफ्ट संपवून आलेल्या रायडरला स्वतः टाइप करायला लावू नका.

- त्याचा मूळ मेसेज डिलीट करू नका. ₹१,२०० ची गोष्ट त्यातच आहे, आणि तिचा अर्ज अजून लिहायचा आहे.