तारीख मागावरून काढावी

हातमागाच्या कापडाची प्री-ऑर्डर काढणारे बरेच जण जाहिरातीचा मजकूर आधी लिहितात आणि विणकराला फोन नंतर करतात. मी एका विक्रेत्याकडे ग्राहकांचे फोन आणि मेसेज सांभाळत होते, तेव्हा याचा परिणाम रोज कानावर पडायचा. गुळेदगुड्डचे सुती खण होते. मजकूर होता, ‘फक्त ४८ तास! मोजकेच नग! दिवाळीआधी घरपोच!’ अठ्ठेचाळीस तास उलटले, मुदत वाढली, मग पुन्हा वाढली. मोजके म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेले नव्हते, कारण ते ठरलेलेच नव्हते. जेवढ्या ऑर्डर येतील तेवढे विणून घेऊ, असा हिशेब होता.

ऑर्डर विणकरांकडे पोचली तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता आणि पाऊस लागून राहिला होता. सुती ताण्याला खळ दिली की तो मोकळ्यावर ताणून वाळवावा लागतो. दमट हवेत खळ नीट वाळत नाही, धागे एकमेकांना चिकटतात आणि मागावर चढवल्यावर पटापट तुटतात. खड्ड्याच्या मागात ओल चढली तर काम थांबते ते वेगळेच. कापड ग्राहकांच्या हातात पडले ते धनत्रयोदशीच्या तोंडावर. ‘दिवाळीआधी’ हा शब्द तसा पाळला गेला होता. एक काकू फोनवर म्हणाल्या, “अगं, कापड मिळालं, छान आहे. पण आता शिवून कोण देणार?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

खणाची प्री-ऑर्डर लिहिणाऱ्याने मला वाटते ही एक गोष्ट पक्की धरावी. ग्राहकाची शेवटची तारीख दिवाळी नसते, शिंप्याने शिलाई घेणे बंद केल्याची तारीख असते. दिवाळीच्या तीन-साडेतीन आठवडे आधी बहुतेक शिंपी नवे ब्लाउज घेत नाहीत. म्हणून मी आता स्वतः छोटी विक्री करते, तेव्हा दिनदर्शिका समोर ठेवून मागे मागे मोजत जाते.

२०२६ सालचेच उदाहरण घेऊ. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. कापड १५ ऑक्टोबरपर्यंत शिंप्याकडे गेले पाहिजे, म्हणजे १० तारखेला ग्राहकाच्या हातात हवे. कुरिअरला आठवडा धरला तर ३ ऑक्टोबरला पार्सल निघायला हवीत. तपासणे, कापणे, घडी घालणे, पत्ते चिकटवणे याला चार-पाच दिवस लागतात, म्हणून माल २८ सप्टेंबरला माझ्या घरी हवा आणि २४ तारखेला मागावरून उतरायला हवा. आमचे विणकर अण्णा साध्या बुटीचे काम रोज साडेतीन मीटरच्या आसपास करतात. पन्नास मीटरला त्यांचे पंधरा दिवस कामाचे लागतात. त्यात १४ सप्टेंबरची गणेश चतुर्थी, सुट्टीचे दिवस, घरातले एखादे कार्य धरले की तीन आठवडे होतात, म्हणजे विणायला सुरुवात ४ सप्टेंबरला. त्याआधी लड्या रंगवणे, खळ देणे, ताणा काढणे आणि जुन्या ताण्याच्या टोकांना नव्याचा एकेक धागा सांधणे, याला उघडिपीत बारा दिवस लागतात. पावसाळा असल्याने मी वीस धरते. झाली १५ ऑगस्ट. त्या दिवशी अण्णांच्या हातात रंगवार आकडा आणि सुताचे पैसे पडले पाहिजेत. पैसे जुळवायला दोन दिवस ठेवले की नोंदणी बंद होते १३ ऑगस्टला, गुरुवारी, रात्री ९ वाजता.

ही मुदत कुणी ‘एक दिवस वाढवा ना’ म्हटले तरी वाढत नाही, कारण तिच्यामागे सूत रंगायला टाकण्याचा दिवस आहे. मजकुरातही मी कारण लिहून टाकते: ‘१५ ऑगस्टला सूत रंगायला जाते, त्यानंतर रंगाचा आकडा बदलता येत नाही.’ एवढे एक वाक्य असले की घासाघीस जवळजवळ थांबते. उद्गारचिन्हांनी ते जमत नाही.

संख्याही तशीच मागावरून निघते. एका रंगाला एक माग, पंचावन्न मीटरचा ताणा. विणताना धागा आखडतो, शेवटचा तुकडा विणताच येत नाही, म्हणून कापड मिळते पन्नास मीटर. या खणाचा पन्हा साधारण ३१ इंच असतो. ही गोष्ट मजकुरात ठळक लिहावीच लागते. चव्वेचाळीस इंची कापडाची सवय असलेली बाई ‘एक मीटर पुरेल’ असे धरून चालते आणि कोपरापर्यंतच्या बाहीला ते कमी पडते. म्हणून मी तुकडा सव्वा मीटरचाच ठेवते. पन्नास मीटरचे चाळीस तुकडे होतात. त्यातले चार मी नोंदणीला काढतच नाही. कुठे तार तुटलेली निघते, कुठे डाग, कुठे बुटी एका ओळीने सरकलेली, आणि हे माल उतरल्यावरच कळते. चार रंगांचे प्रत्येकी छत्तीस, एकूण १४४. छत्तिसाव्या नावाला तो रंग बंद. त्यानंतरच्यांना मी प्रतीक्षा यादीत घेते आणि स्पष्ट सांगते की राखलेल्यांतले चांगले निघाले तरच मिळेल. ‘पुढच्या खेपेला हाच रंग देते’ असे कधीही लिहू नये. हाताने रंगवलेल्या लड्यांची दुसरी खेप पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही.

खोट्या टंचाईबद्दल आणखी एक सांगायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई निर्माण करणे हा त्यातलाच एक. माल भरपूर असताना ‘शेवटचे दोनच’ लिहिणे आता निव्वळ वाईट सवय राहिलेली नाही, नियमांच्या विरुद्ध आहे. खरी मर्यादा आपल्याकडे असताना खोटी का लिहावी? ‘एका ताण्यातून छत्तीस’ ही ओळ ‘मोजकेच नग’पेक्षा जास्त विकते, असा माझा अनुभव आहे. वाचणाऱ्याला माग डोळ्यांसमोर दिसतो.

पहिल्या मजकुराचा माझा मसुदा असा असतो: ‘गुळेदगुड्डचा हातमागाचा सुती खण. चार रंग, प्रत्येकी ३६ तुकडे. तुकडा सव्वा मीटर, पन्हा ३१ इंच. नोंदणी गुरुवार, १३ ऑगस्ट, रात्री ९ पर्यंत, पूर्ण रक्कम भरल्यावरच पक्की. पार्सल ३ ऑक्टोबरपर्यंत निघेल. दोन्ही काठांच्या कडेला बारीक छिद्रे दिसतील. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या पिनांच्या त्या खुणा आहेत. शिवण्याआधी कापड एकदा पाण्यातून काढा, थोडे आटेल.’ छिद्रांची ओळ मुद्दाम आहे. ती नसेल तर तेच कापड ‘फाटके आले’ म्हणून परत येते. आणि वचन पार्सल निघण्याचे आहे, पोचण्याचे नाही. निघणे माझ्या हातात आहे, पोचणे कुरिअरच्या.

आठवण कुणाला पाठवायची, हा मुद्दा फार जण सोडून देतात. सगळ्यांना एकच संदेश गेला की पैसे भरलेली बाई घाबरून विचारते, “माझे मिळाले नाहीत का?” मी दोन याद्या ठेवते. रंग कळवला पण पैसे आले नाहीत, त्यांना १० ऑगस्टला एकदा आणि १३ तारखेला सकाळी एकदा: ‘ताई, तुमचा हिरवा खण, एक तुकडा, नोंदवलेला आहे पण पक्का नाही. आज रात्री ९ नंतर तो प्रतीक्षा यादीतल्या नावाला जाईल.’ बस. तिसरी आठवण मी पाठवत नाही. पैसे भरलेल्यांना मुदतीची आठवण जातच नाही. त्यांना १४ तारखेला पोच जाते, तीत रंग, नग, भरलेली रक्कम, पत्ता, पिनकोड आणि पुढच्या तीन तारखा: माग सुरू, माल उतरणे, पार्सल निघणे.

त्यानंतरचे सात आठवडे गप्प बसू नये. पैसे घेतलेले आहेत आणि हातात काही दिलेले नाही, अशा वेळी शांतता समोरच्याला खुपते. ताणा मागावर चढला की मी एक फोटो पाठवते, त्याच रंगाच्या ग्राहकांनाच. दुसरा संदेश माल निघायच्या आठवडाभर आधी, आणि तो पत्त्यासाठी: ‘३ ऑक्टोबरला पार्सल निघेल. त्या आठवड्यात घरी कुणी असेल ना? पत्ता बदलायचा असेल तर १ तारखेपर्यंत कळवा.’ सणाच्या आधी माणसे गावाला जातात, बंद दारावरून परत आलेले पार्सल पुन्हा पाठवायला आठवडा जातो.

उशीर होणारच असेल तर? मी अण्णांना ४ सप्टेंबरला, माग सुरू व्हायच्या दिवशी, आणि पुन्हा १५ तारखेला फोन करते. पंधरा तारखेला निम्म्याच्या आत कापड झाले असेल तर तारीख हुकणार, हे तेव्हाच कळते. मग ग्राहकाने विचारायची वाट मी बघत नाही, त्याच दिवशी लिहिते: ‘पावसात ताणा वाळला नाही, म्हणून लाल रंगाचे काम आठ दिवस मागे आहे. पार्सल ३ ऐवजी ११ ऑक्टोबरला निघेल. हातात पडेपर्यंत १८ तारीख होईल. आधी शिंप्याला विचारून घ्या. चालणार नसेल तर २० सप्टेंबरपर्यंत कळवा, पूर्ण पैसे परत.’ नवी तारीख एकदाच द्यायची आणि ती देताना अण्णांनी सांगितलेल्या दिवसांवर आणखी तीन दिवस चढवायचे. तारीख दोनदा बदललेल्या विक्रेत्याची तिसरी तारीख कुणी वाचत नाही. पैसे परत मागणारे माझ्या अंदाजापेक्षा नेहमी कमीच निघतात, पण त्या रकमेएवढे पैसे मी माल निघेपर्यंत वेगळे ठेवते. विणकराची मजुरी त्यातून कापायची नाही. त्यांनी विणलेले कापड त्यांनी विणलेलेच असते, ग्राहक बदलला तरी. परत आलेले तुकडे प्रतीक्षा यादीत जातात, आणि यादी संपली तर संक्रांतीच्या वाणासाठी ठेवते, तेव्हा शिंपीही मोकळे असतात.