बटाटा अडकला तर पाइप लांब ठेवा

आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा निघायला लागला की प्रत्येक घरी एक ढीग वेगळा पडतो. काढताना कापलेला, उन्हाने हिरवा पडलेला, व्यापारी घेत नाही असा बारीक माल त्यात असतो. हा ढीग बहुतेक वेळा गोठ्याच्या भिंतीला लागूनच असतो, आणि तो कुठे आहे हे गाईला घरातल्या माणसांच्या आधी कळतं. दावं सुटलेली गाय आधी तिथेच जाते.

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. चारा जिभेने ओढायचा, वरवर चघळायचा आणि गिळायचा, नीट चावायचं काम पुढे रवंथ करताना, अशी तिची रीत. कडब्याच्या कुट्टीला ती रीत चालते. पण सोललेल्या लिंबाएवढा, ओला, गुळगुळीत बटाटा दाढेखालून निसटतो आणि अख्खाच घशात जातो. सफरचंद, पेरू, बीट, आंब्याची कोय यांचंही तसंच होतं. मग तो कुठेतरी अडकतो: घशाच्या मागे, मानेत, छातीच्या तोंडाशी, किंवा आत हृदयाजवळ. बाहेरून हाताला लागेल अशी जागा त्यातली फक्त मानेतली.

अडकलेला बटाटा गाईला लगेच मारत नाही. मारतो तो वायू. गाईच्या मोठ्या पोटात चारा आंबत असतो आणि सतत वायू तयार होत असतो. ढेकरांवाटे तो बाहेर पडतो. अन्ननलिका पूर्ण बंद झाली की ढेकर बंद. पोट फुगतं, फुप्फुसांवर दाबतं आणि जनावर गुदमरतं. म्हणून अशा वेळी सगळे गाईच्या तोंडाकडे बघत असतात तेव्हा एकाने तरी तिच्या डाव्या भकाळीकडे बघत राहिलं पाहिजे.

हे सगळं मला आमच्या शेजारच्या आबांच्या कालवडीमुळे नीट समजून घ्यावं लागलं. चांगली अंगाने भरलेली, पहिल्यांदा गाभण राहिलेली कालवड होती. मान लांब करून लाळ गाळत उभी राहिली. मानेत गाठ दिसत होती. पोट फार फुगलं नव्हतं, म्हणजे वेळ होता. पण गोठ्यात माणसं जमली की कुणालाच हात बांधून उभं राहवत नाही. एकाने गोडं तेल पाजलं, त्यातलं अर्धं नाकातून बाहेर आलं. मग कुणीतरी वायरिंगचा प्लॅस्टिकचा पाइप आणला, दोघांनी तोंड फाकवलं आणि पाइप आत रेटला. गाठ दिसेनाशी झाली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, चहा झाला.

दुसऱ्या दिवशी कालवड चाऱ्याला तोंड लावेना. अंग तापलं, मान सुजली आणि सुजेवर हात दाबला की कातडीखाली कुरकुर लागायची. डॉक्टरांनी हात लावताच सांगितलं, नळी फाटलीय, हवा आणि चारा बाहेर मांसात उतरलाय. उपचार झाले, पण ती वाचली नाही. तिचं पोस्टमॉर्टेम झालं तेव्हा मी तिथे होते. अन्ननलिकेला लांबट चीर, तिच्या भोवती कुजलेला चाऱ्याचा घाण चिखल, आणि फुप्फुसात तेलाचा वास. बटाटा खरंच पोटात गेला होता. पाइपने ठरवलेलं काम केलं होतं.

त्यामागचं कारण डॉक्टरांनी सांगितलं ते पटण्यासारखं आहे. काहीतरी अडकलं की अन्ननलिकेचे स्नायू त्या वस्तूभोवती आवळून बसतात. आधीच ताणलेली, सुजलेली नळी तिथे पातळ झालेली असते. पाइपचं किंवा काठीचं टोक नेमकं बटाट्यावरच बसेल याची खात्री नसते; ते बाजूला सरकतं आणि नळीतून आरपार जातं. डॉक्टरही कधीकधी बटाटा आत ढकलतात, पण ते बोथट टोकाची मऊ नळी भरपूर वंगण लावून, आधी स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊन, आणि अडथळा जाणवला की थांबून. आपण थांबत नाही, आपण जोर वाढवतो. बाहेरून लाकडाची फळी लावून हातोडीने बटाटा फोडायचा जुना प्रकारही मी ऐकलाय. तोही तितकाच वाईट.

पुढे एका काढणीच्या हंगामात माझ्याच गोठ्यात तसं झालं. सकाळची धार काढून झाली आणि आमची एचएफ गाय पेंड खाता खाता एकदम थांबली. मान पुढे ताणली, तोंडाला फेसाळ लाळ, मधूनच चघळल्यासारखं करायची आणि खोकायची. गव्हाणीत कुट्टीखाली दोन बटाटे सापडले. रात्री कुणीतरी लाडाने टाकले असणार. पाणी दाखवलं असतं तर तिने प्यायलं असतं आणि ते नाकातून परत आलं असतं, म्हणून बादली आधी उचलली. चाराही काढला. तिला मोकळ्या जागेत उभं केलं, दावं सैल सोडलं, डोकं खाली ठेवता येईल असं. लाळ बाहेर गळू द्यायची असते. डोकं वर करून बांधलं तर तीच लाळ श्वासनलिकेत उतरते. गाय बसू लागली तर उठवायची, कुशीवर आडवी तर होऊच द्यायची नाही.

मानेच्या डाव्या बाजूला, श्वासनलिकेच्या कडेने, वरून खाली हलक्या हाताने चाचपत गेले. मानेच्या मध्याच्या थोडं खाली टणक गाठ लागली. लागली तेवढं पुरे. ती दाबली नाही, चोळली नाही. फोन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना केला. ते नसतील तर १९६२ या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या क्रमांकावर करता येतो. फोनवर तीन गोष्टी सांगितल्या: काय खाल्लंय, गाठ कुठे आहे, आणि पोट किती फुगलंय. तिसऱ्या उत्तरावर डॉक्टर किती घाईने निघायचं ते ठरवतात.

तोंडात हात घालू नका, हेही त्यांनी फोनवरच बजावलं. पिसाळलेल्या कुत्र्याने चावून पिसाळलेल्या गाईलाही गिळता येत नाही, तीही लाळ गाळते, घशात काही अडकल्यासारखं करते. तिच्या तोंडात उघडा हात घालून बटाटा शोधणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. गाठ लागत नसेल, गाय विचित्र हंबरत असेल, अंगावर येत असेल किंवा मागचे पाय लटपटत असतील, तर लाळेपासून लांब राहायचं आणि ते डॉक्टरांना लगेच सांगायचं. लाळ अंगाला लागली असेल तर साबणाने भरपूर वेळ धुऊन आपणही दवाखाना गाठायचा.

डॉक्टर येईपर्यंत भकाळी बघत राहिले. आधी तिथला खळगा भरला, मग पाठीच्या रेषेला आला. टिचकी मारली की ढोलासारखा आवाज. पण श्वास चालू होता, जीभ गुलाबी होती. त्यांनी आल्यावर सैल करणारं इंजेक्शन दिलं, लाळेचं प्रमाण आणि गाठीची जागा परत पाहिली, हातमोजे घातले आणि जबडा उघडा ठेवणारं लोखंडी साधन बसवलं. मदतनीस दोन्ही तळव्यांनी बटाट्याच्या खालून दाब देत तो इंच इंच वर सरकवत होता. खाली नाही, वर. घशाशी आल्यावर डॉक्टरांनी हात आत घालून तो बोटांत पकडला. बाहेर आला तो अर्धा कापलेला बटाटा, कडा अजून धारदार. लगेच मोठी ढेकर आली आणि गोठाभर आंबट वास सुटला. नळीत दुसरा तुकडा राहिलेला नाही, हे त्यांनी मऊ नळी आत सोडून बघितलं.

प्रत्येक वेळी इतकं सरळ होत नाही. छातीत अडकलेल्या बटाट्याला हात पोचत नाही. पोट फुगत नसेल तर इंजेक्शन देऊन काही तास वाट बघणंच डॉक्टर पसंत करतात, कारण आवळलेले स्नायू सैल झाले की कितीतरी वेळा वस्तू आपोआप खाली जाते. आंब्याची कोय लाळेने मऊ होत नाही, तिथे शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. उलट, पोट झपाट्याने फुगत असेल, गाय तोंड उघडून श्वास घेत असेल, जीभ निळसर पडत असेल, तर बटाटा बाजूला राहतो आणि आधी वायू काढावा लागतो. त्यासाठी डॉक्टर ट्रोकार वापरतात, म्हणजे टोकदार सळई आणि तिच्यावरची नळी. जागा डाव्या भकाळीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं पुढे आलेलं हाड यांच्या मध्यावर; रोख समोरच्या उजव्या पायाच्या कोपराकडे. गाय कोसळत आहे, डॉक्टर पोचणार नाहीत आणि ते फोनवर करायला सांगत आहेत, एवढं सगळं जुळलं तरच ते इतर कुणी करावं. ती जखम पुढे चिघळते, पोटातला चारा आत सांडतो. पण गुदमरून मरणाऱ्या गाईसमोर तो धोका पत्करण्याजोगा आहे.

आमच्या गाईला वेदनाशामक आणि प्रतिजैविक दिलं. प्रतिजैविकामुळे डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस तिचं दूध डेअरीला घातलं नाही, वासरालाही पाजलं नाही. पहिल्या दिवशी थोडं थोडं पाणी, मग भिजवलेली पेंड आणि कोवळा हिरवा चारा, कडबा नंतर. रोज ताप, खोकला, नाकाला घाण वास आणि मानेची सूज बघायची होती. ताप आणि वास म्हणजे लाळ किंवा चारा फुप्फुसात गेल्याची खूण, सूज म्हणजे नळीला इजा. आमच्याकडे काही झालं नाही. ज्यांच्याकडे गाईच्या नळीत पुन्हा पुन्हा काही अडकतं, तिथे नळीत जुन्या जखमेने आवळ पडलेला असण्याचा संशय घ्यावा.

आता बटाटा घालायचाच तर मी तो कुटून किंवा पातळ चिरून घालते. अर्धा चिरून घालणं अख्ख्याइतकंच वाईट, आमचा बटाटा तसाच होता. आधी कुट्टी घालते, म्हणजे भुकेली गाय त्याच्यावर तुटून पडत नाही. गव्हाण खाली आहे. खाली मान घालून खाणाऱ्या गाईच्या घशात गोल वस्तू सहसा घरंगळत नाही, डोकं वर उचललं की घरंगळते. शेजारची गाय हिसकावत असली तर घास न चावताच गिळला जातो, म्हणून बटाट्याच्या दिवशी दोघींना लांब बांधते. हिरवा आणि कोंब आलेला माल विषारी असतो, तो उकिरड्यात. आणि काढणीनंतर शेतात राहिलेले बटाटे वेचून होईपर्यंत जनावरं त्या रानात सोडत नाही, कितीही हिरवळ दिसली तरी.